बारा इलेक्ट्रॉन, एक डबा

क्रिप्टोसायनिन नावाचं एक रंगद्रव्य आहे. त्याची चिमूटभर पूड मिथेनॉलमध्ये टाकली की बाटलीभर द्रावण निळं होऊन जातं. जुन्या फोटोच्या काचांना गडद तांबडा प्रकाश दिसत नसे; तो दिसावा म्हणून हे द्रव्य त्यांच्या लेपात मिसळत. पुढे १९६०च्या दशकात रूबी लेझरमध्ये त्याला वेगळंच काम मिळालं. प्रकाश साठेपर्यंत अडवून धरायचा आणि मग एकदम सोडून द्यायचा, असं झडपेचं काम.

द्रावण निळं दिसतं, कारण त्याच्यातून जाणाऱ्या पांढऱ्या प्रकाशातला तांबडा भाग ते गिळून टाकतं. मोजून पाहिलं तर सर्वांत जास्त शोषण ७०६ नॅनोमीटरच्या आसपास होतं, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या तांबड्याच्या अगदी काठावर. आता प्रश्न असा की ७०६च का? ५०० का नाही, ९०० का नाही? १९४९ साली हान्स कून या स्विस रसायनशास्त्रज्ञाने याचं उत्तर देण्यासाठी जे गणित वापरलं, ते आज बीएस्सीच्या विद्यार्थ्यांना क्वांटम मेकॅनिक्समधलं जवळजवळ पहिलं उदाहरण म्हणून शिकवतात: एकमितीय डब्यात कोंडलेला कण. बरेच विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत दहा गुण मिळवतात आणि अशी वस्तू जगात कुठेही नसते असं समजून सोडून देतात. क्रिप्टोसायनिनच्या रेणूत ती बऱ्यापैकी असते.

आधी डबा नीट समजून घेऊ. एकमितीय म्हणजे कणाला फक्त एका रेषेवर पुढे-मागे जाता येतं. वर-खाली नाही, डावी-उजवीकडे नाही. रेषेची लांबी L. आत कणावर कसलंही बल नाही, तो मोकळा आहे. दोन्ही टोकांना मात्र अशा भिंती आहेत की कितीही ऊर्जा असली तरी त्या ओलांडता येत नाहीत. एवढंच. याहून सोपा तुरुंग कल्पनेतही सापडणार नाही.

कण जर गोटीसारखा असता तर त्याला कोणतीही ऊर्जा चालली असती. हळू फिरा, जोरात फिरा, नाही तर एका जागी स्वस्थ पडून राहा. इलेक्ट्रॉनचं वर्णन मात्र तरंगफलनाने करावं लागतं. श्रोडिंगरने १९२६ साली त्याचं समीकरण दिलं, आणि त्याच वर्षी माक्स बोर्नने त्या फलनाचा अर्थ सांगितला: एखाद्या ठिकाणी तरंगफलनाचा वर्ग जितका मोठा, तितकी तिथे कण सापडण्याची शक्यता जास्त. (फलन काल्पनिक संख्यांचं असेल तर त्याच्या मापाचा वर्ग घ्यायचा. आपल्या डब्यात तशी गरज पडत नाही.)

भिंतीपलीकडे कण कधीच सापडत नाही, म्हणून तिथे तरंगफलन शून्य. फलनाला मध्येच तुटता येत नाही, म्हणून भिंतीला टेकतानाही ते शून्यच असायला हवं. डब्याच्या आत बल नसल्यामुळे श्रोडिंगरचं समीकरण एवढंच म्हणतं की फलन जिथे जितकं उंच, तिथे ते तितक्याच प्रमाणात अक्षाकडे वाकलेलं असतं. असं वागणारी वक्ररेषा म्हणजे आपली ओळखीची साइनची लाट. दोन्ही टोकांना शून्य असणारी साइनची लाट L लांबीत बसवायची, एवढंच काम उरतं.

तंबोऱ्याची तार डोळ्यांसमोर आणा. घोडी आणि मेरू या दोन टोकांना ती हलू शकत नाही, म्हणून तिच्यावर अर्ध्या लाटांची पूर्ण संख्याच बसते: एक, दोन, तीन. अडीच बसत नाहीत. डब्यातही तसंच. लाटेची लांबी 2L, किंवा L, किंवा 2L चा तिसरा हिस्सा; एकूण λ = 2L/n, जिथे n हा १, २, ३ असा पूर्णांक. मात्र तारेची उपमा इथपर्यंतच ओढायची. तारेत n दुप्पट झाला की कंपनसंख्या दुप्पट होते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत लाटेची लांबी निम्मी झाली की दे ब्रॉयलीच्या नियमाने संवेग दुप्पट होतो, आणि ऊर्जा संवेगाच्या वर्गावर चालते, म्हणून ती चौपट होते. हा फरक लक्षात असला की सूत्र पाठ करावं लागत नाही, ते दोन ओळींत हाती येतं:

p = h/λ = nh/2L

E = p²/2m = n²h²/8mL²

इथे h हा प्लांकचा स्थिरांक आणि m इलेक्ट्रॉनचं वस्तुमान. पायऱ्या १, ४, ९, १६ अशा चढत जातात. वर जावं तसं दोन पायऱ्यांमधलं अंतर वाढत जातं. आणि L चा वर्ग छेदात आहे, म्हणजे डबा लहान केला की सगळ्या पायऱ्या झपाट्याने वर सरकतात. लांबी निम्मी केली तर ऊर्जा चौपट.

n शून्य का चालत नाही, हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न आहे. 'कारण सूत्रात १ पासून सुरुवात असते' हे उत्तर नव्हे. शून्य घातला तर तरंगफलन डब्यात सगळीकडे शून्य होतं, म्हणजे कण सापडण्याची शक्यता कुठेच नाही, म्हणजे डब्यात कणच नाही. रिकाम्या डब्याचं गणित आपण करत नव्हतो. उणे n घेऊन काहीच नवं मिळत नाही. त्याच लाटेचं चिन्ह तेवढं उलटतं, वर्ग तोच राहतो. तेव्हा सर्वांत खालची पायरी n = 1, आणि तिची ऊर्जा शून्य नाही. कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला स्वस्थ पडून राहता येत नाही.

आता आकडे घालू. स्थिरांकांच्या घातांकांत विद्यार्थी हमखास गुरफटतात, म्हणून एक हिशेब एकदाच करून ठेवावा. डबा १ नॅनोमीटर लांब आणि आत इलेक्ट्रॉन असेल, तर सर्वांत खालच्या पायरीची ऊर्जा ०.३७६ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. पुढचं सगळं यावरूनच निघतं: n च्या वर्गाने गुणायचं, नॅनोमीटरमधल्या लांबीच्या वर्गाने भागायचं. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण पावणेदोन ते तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. म्हणजे एक-दोन नॅनोमीटरच्या डब्यात पायऱ्यांमधली अंतरं बरोबर रंगांच्या पट्ट्यात पडतात. रंगद्रव्यांच्या रेणूंची लांबी नेमकी तेवढीच असते, आणि कूनचा धागा तिथेच आहे.

क्रिप्टोसायनिनच्या रेणूत दोन टोकांना नायट्रोजनचे दोन अणू आहेत आणि त्यांच्यामध्ये नऊ कार्बनांची साखळी. तिचा काही भाग दोन्ही बाजूंच्या कड्यांतून जातो, मधला भाग मोकळा आहे. कागदावर या साखळीत एक बंध दुहेरी, एक एकेरी असे काढतात. पण दुहेरी बंध डावीकडून सुरू करून काढा की उजवीकडून, दोन्ही चित्रं सारखीच योग्य ठरतात. प्रत्यक्षात सगळे बंध जवळजवळ एकसारखे असतात, प्रत्येक साधारण ०.१३९ नॅनोमीटरचा, आणि दुहेरी बंधांमधले सैल इलेक्ट्रॉन कोणा एका बंधाचे नसून साऱ्या साखळीचे असतात. ते साखळीभर हिंडतात, साखळीबाहेर जात नाहीत. झाला की डबा.

या डब्यात इलेक्ट्रॉन किती? नऊ कार्बनांचा प्रत्येकी एक, आणि दोन नायट्रोजनांचे मिळून तीन, कारण रेणूवर एक धन प्रभार आहे, एक इलेक्ट्रॉन आधीच गेलेला आहे. एकूण बारा. लांबी किती? नायट्रोजनपासून नायट्रोजनपर्यंत दहा बंध. पण इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या केंद्रापाशी येऊन थबकत नाही, तो थोडा पलीकडे सांडतो. कूनने प्रत्येक टोकाला एकेक बंधाची जागा वाढवून दिली. बारा बंध गुणिले ०.१३९, म्हणजे १.६६८ नॅनोमीटर. ही वाढीव जागा हा अंदाज आहे, कुठल्या नियमातून निघालेला आकडा नाही, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पाउलीच्या नियमाने एका पायरीवर दोनच इलेक्ट्रॉन बसतात, फिरकी विरुद्ध असलेले. म्हणजे बारा इलेक्ट्रॉन खालच्या सहा पायऱ्या भरून टाकतात. सातवी रिकामी. प्रकाश येतो तेव्हा सर्वांत कमी खर्चाची उडी म्हणजे सहाव्यावरून सातवीवर. ४९ वजा ३६ म्हणजे १३. मग

ΔE = 13 × 0.376 / (1.668)² = 1.76 eV

आणि एवढ्या ऊर्जेच्या प्रकाशाची तरंगलांबी येते सुमारे ७०६ नॅनोमीटर.

बेरीज-गुणाकार इतका साधा आणि उत्तर इतकं नेमकं, हे पाहून थोडं संशयाने पाहावंसं वाटतं, आणि पाहावंच. एका रेणूवर जुळलेलं उत्तर योगायोग असू शकतो. म्हणून त्याच कुळातले दोन भाऊ घेऊ. एकात साखळी दोन कार्बनांनी आखूड आहे, दुसऱ्यात दोन कार्बनांनी लांब. आखूड साखळीत दहा इलेक्ट्रॉन आणि दहा बंधांचा डबा; हिशेबाने ५७९ नॅनोमीटर, मोजल्यावर सुमारे ५९०. लांब साखळीत चौदा इलेक्ट्रॉन आणि चौदा बंध. हिशेबाने ८३२, मोजल्यावर ८१३. म्हणजे मधल्यावर आकडा चपखल बसतो आणि बाजूच्या दोघांवर दोन टक्क्यांच्या आसपास चुकतो. भिंती, टोकं, इलेक्ट्रॉनांची आपापसातली ढकलाढकल, हे सगळं सोडून दिलेल्या नमुन्याकडून मला तरी हे पुष्कळ वाटतं. आणि खरी कसोटी एकेका आकड्यापेक्षा चालीत आहे: साखळी दोन कार्बनांनी वाढली की शोषण शंभरेक नॅनोमीटर तांबड्याकडे सरकतं. हे गणितही सांगतं आणि बाटल्याही.

इथवरच्या हिशेबात एक गोष्ट कुठेच लागली नाही: लाटेची उंची. फलन आपण असं लिहितो,

ψ(x) = A sin(nπx/L)

आणि या A चं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. A एक असो की हजार, ऊर्जा तीच राहते, कारण श्रोडिंगरच्या समीकरणात तो दोन्ही बाजूंना येतो आणि कापला जातो. म्हणूनच अनेक विद्यार्थ्यांना नॉर्मलाइज करणं ही परीक्षकाच्या समाधानासाठीची एक जादा पायरी वाटते. शोषणाचा रंग कुठला, एवढंच विचारायचं असेल तर ती खरोखरच जादा आहे. पण इलेक्ट्रॉन कुठे सापडेल, किंवा रंग किती गडद असेल, असं विचारलंत की A शिवाय पुढे जाता येत नाही.

अट साधी आहे. कण डब्यात आहे हे नक्की, तेव्हा डब्यातल्या सगळ्या ठिकाणच्या शक्यतांची बेरीज एक यायला हवी. म्हणजे ψ च्या वर्गाच्या वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ ० पासून L पर्यंत एक. इथे विद्यार्थी लगेच समाकलन मांडतात आणि sin² चं सूत्र आठवत बसतात. त्याची गरजही नाही. साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग म्हणजे एक. आणि पूर्ण अर्ध्या लाटांवर या दोघांखालचं क्षेत्रफळ सारखंच असतं, फक्त उंचवटे सरकलेले असतात. L रुंदीच्या पट्टीवर दोघांचं मिळून क्षेत्रफळ L, तर एकट्या साइनच्या वाट्याला L/2. म्हणून A² × L/2 = 1, आणि

A = √(2/L)

या उत्तरात n नाही, हे थांबून पाहण्यासारखं आहे. पहिल्या पायरीची लाट असो की शंभरावीची, उंची एकच. अर्ध्या लाटा एक असोत वा शंभर, साइनच्या वर्गाची सरासरी अर्धीच राहते. n आत शिरलेला दिसला तर समाकलनात कुठेतरी घसरलो आहोत असं खुशाल समजावं. (A ला उणे चिन्ह लावलं तरी चालतं, वर्ग तोच. परंपरेने अधिक घेतात.)

दुसरी खूण एककांची. A² ला 'दर लांबीमागे' असं एकक आहे. आपल्या क्रिप्टोसायनिनच्या डब्यासाठी ते काढलं तर २ भागिले १.६६८, म्हणजे दर नॅनोमीटरमागे १.२. इथे हुशार विद्यार्थीसुद्धा दचकतात: शक्यता एकापेक्षा जास्त कशी? ती शक्यता नव्हेच. ती शक्यतेची घनता आहे, आणि घनता कितीही असू शकते. तिला लांबीने गुणल्यावर जी शक्यता येते ती एकच्या आत राहायला हवी. लाटेच्या माथ्यावर ०.०१ नॅनोमीटरचा तुकडा घ्या, तर तिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता १.२ गुणिले ०.०१, म्हणजे सव्वा टक्का. हाच आकडा मीटरमध्ये लिहिला तर १.२ अब्ज दर मीटर होतो, आणि तोही तितकाच बरोबर आहे.

नॉर्मलाइज केलेल्या फलनाला आता खरे प्रश्न विचारता येतात. समजा इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या पायरीवर आहे. डब्याच्या डाव्या पाव भागात तो सापडण्याची शक्यता किती? सहज वाटेल, पाव. गोटी असती तर तेच उत्तर होतं. A घालून हिशेब केला तर येतं

1/4 − 1/2π = 0.091

म्हणजे जेमतेम नऊ टक्के. उजव्या पाव भागातही तेवढेच. उरलेले जवळजवळ ८२ टक्के मधल्या अर्ध्यात. दुसऱ्या पायरीवर गेलं की डाव्या पाव भागात बरोबर २५ टक्के येतात, तिसरीवर ३०, आणि पुढे वर-खाली होत तो आकडा २५ कडे ओढला जातो. उंच पायऱ्यांवर लाटा इतक्या दाट होतात की गोटीचं उत्तर आपसूक परत येतं.

डबा ० पासून L पर्यंत न धरता मधोमध शून्य ठेवून −L/2 पासून L/2 पर्यंत धरला, तर एक फसगत वाट पाहत असते. सवयीने साइन लिहिला जातो, टोकांना तो शून्य करून घेतला जातो, आणि पायऱ्या येतात ४, १६, ३६ अशा. तळाची पायरीच गायब. भिंती सरकवल्याने इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलत नाही, तेव्हा चूक आपली आहे: मधोमध शून्य धरल्यावर अर्ध्या लाटा कोसाइनच्या होतात आणि त्याही घ्याव्या लागतात. कुठल्याही उत्तराला दोन प्रश्न विचारावेत. ऊर्जा १ : ४ : ९ या प्रमाणात आहेत का? आणि n व्या फलनाला डब्याच्या आत, टोकं सोडून, n − 1 ठिकाणी शून्य आहे का? तळाच्या फलनाला आत एकही शून्य नसतं.

आता गडदपणाकडे. क्रिप्टोसायनिनची चिमूट बाटली रंगवते याचा अर्थ त्याचा एकेक रेणू प्रकाश फार जोरात शोषतो. प्रकाशाचं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनला साखळीच्या लांबीवर मागे-पुढे खेचतं. सहाव्या पायरीवरून सातवीवर जाताना प्रभार किती अंतरावर हलतो, त्यावर शोषणाची ताकद ठरते. ते अंतर काढायला दोन्ही पायऱ्यांची तरंगफलनं आणि त्यांच्यामध्ये x, असा गुणाकार करून समाकलन करतात:

∫ ψ₆ x ψ₇ dx

हे सोडवल्यावर, चिन्ह सोडून, 2L/π² च्या अगदी जवळचं उत्तर मिळतं, म्हणजे डब्याच्या लांबीच्या साधारण एक पंचमांश. आपल्या रेणूत ०.३४ नॅनोमीटर, सुमारे अडीच बंधांएवढं अंतर. रेणूच्या मानाने हे मोठं हेलकावणं आहे, म्हणून रंग गडद. सहावीवरून थेट आठवीवर जायचं म्हटलं तर हेच समाकलन शून्य येतं. ऊर्जा असूनही ती उडी प्रकाशाला मारता येत नाही.

A न घालता हेच केलं असतं तर? उत्तर L/2 ने गुणून आलं असतं, म्हणजे ०.२८, आणि त्याचं एकक नॅनोमीटर नसून नॅनोमीटरचा वर्ग. अंतराच्या जागी क्षेत्रफळ. चूक स्वतःहून ओरडून सांगते, फक्त एककं लिहायची सवय हवी. L ची किंमत एक धरून 'सोयीने' हिशेब करणाऱ्यांना मात्र ती ऐकू येत नाही.

आता जिथे हा डबा साफ फसतो ते पाहू. गाजराला नारिंगी रंग देणारं बीटा-कॅरोटीन घ्या. त्यातही एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी आहे: अकरा दुहेरी बंध, बावीस सैल इलेक्ट्रॉन. टोकं सोडून एकवीस बंधांचा डबा धरला, प्रत्येक ०.१४ नॅनोमीटरचा, तर लांबी २.९४ नॅनोमीटर. अकरा पायऱ्या भरलेल्या, उडी बारावीवर. वर्गांतला फरक २३. ऊर्जा येते १.० इलेक्ट्रॉनव्होल्ट, तरंगलांबी १२४० नॅनोमीटर, खोल अवरक्तात. प्रत्यक्षात बीटा-कॅरोटीन ४५० नॅनोमीटरच्या आसपास, निळ्यात शोषतं. चूक दोन-चार टक्क्यांची नाही, जवळजवळ तिपटीची आहे. टोकांना वाढीव जागा दिली तर उत्तर आणखी बिघडतं.

फरक रेणूच्या बांधणीत आहे. क्रिप्टोसायनिनच्या दोन्ही टोकांना नायट्रोजन आहेत, म्हणून दोन्ही चित्रं सारखी ठरतात आणि बंध एकसारखे होतात. कॅरोटीनमध्ये दुहेरी बंध कुठे काढायचे याचं एकच चांगलं चित्र आहे. तिथे दुहेरी बंध खरोखर आखूड, एकेरी खरोखर लांब, एक आड एक. इलेक्ट्रॉनला आखूड बंधांवर बसणं स्वस्त पडतं, लांबांवर महाग. डब्याचा तळ सपाट राहत नाही, त्यावर बंधागणिक खळगा आणि उंचवटा येतो. भरलेल्या सर्वांत वरच्या पायरीची लाट नेमकी खळग्यांवर माथे ठेवून बसते, तिच्यावरच्या रिकाम्या पायरीची लाट उंचवट्यांवर. पहिली खाली ढकलली जाते, दुसरी वर, आणि मधलं अंतर फाकतं.

हे नुसत्या आकड्यावरून नव्हे, चालीवरूनही ओळखता येतं. सपाट डब्यात साखळी लांबवत गेलं की शोषणाची तरंगलांबी प्रत्येक वेळी जवळजवळ सारख्या टप्प्याने वाढत राहायला हवी. कॅरोटीनच्या जातीच्या साखळ्यांत सुरुवातीला ती वाढते, मग टप्पे आखूड होत जातात आणि शेवटी वाढ थांबल्यात जमा होते. बाटल्यांच्या ओळीत रंग पुढे सरकायचा थांबला, की तळ सपाट नाही असं समजायचं.

कूनला हे ठाऊक होतं. त्याच १९४९च्या मांडणीत त्याने डब्याच्या तळावर लाटेसारखा चढउतार ठेवला आणि उडीच्या ऊर्जेत एक पद वाढवलं:

ΔE = (N + 1) h²/8mL² + V₀ (1 − 1/N)

N म्हणजे सैल इलेक्ट्रॉनांची संख्या, आणि V₀ साधारण दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट. कॅरोटीनसाठी पहिलं पद १.०, दुसरं १.९, बेरीज २.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ४२७ नॅनोमीटरच्या आसपास. मोजलेल्या ४५० च्या बरंच जवळ. साखळी अनंत लांब केली तर पहिलं पद नाहीसं होतं आणि V₀ उरतो, म्हणून टप्पे आखूड होत थांबतात. पण हा दोनचा आकडा डब्याच्या गणितातून निघालेला नाही. तो अशाच साखळ्यांची मोजमापं पाहून बसवलेला आहे. क्रिप्टोसायनिनमध्ये हे पद शून्य धरता येतं, आणि तिथे दोन्ही टोकांचा एकेक वाढीव बंध सोडला तर बाहेरून काही बसवावं लागत नाही.